मालावर ‘ऑरगॅनिक’ आणि ‘नॅचरल’ लिहिण्याआधी

ऑनलाइन विक्रीसाठी आमच्याकडे माल लिस्ट करायला देणाऱ्या ग्राहकांसाठी

“शेतकऱ्याचं सर्टिफिकेट आहे, मग आमच्या पाकिटावर ऑरगॅनिक का लिहू देत नाही?” हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळतो.

मागच्या दिवाळीआधी एका ताईंची शेंगा चटणी आमच्याकडे आली. शेंगदाणे ज्या शेतकऱ्याकडून घेतले, त्याच्याकडे पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणन योजनेचे प्रमाणपत्र होते. ताईंनी त्या भरवशावर ‘१००% नैसर्गिक ऑरगॅनिक चटणी’ असे छापून पाकिटेही आणली. मार्केटप्लेसने लिस्टिंग नाकारली. आम्ही शीर्षकातून शब्द काढला, तरी पुन्हा नाकारली, कारण फोटोतल्या पाकिटावर तो होताच. हंगामाचे बारा दिवस गेले आणि छापलेली पाकिटे वाया गेली.

चूक कुठे झाली? ते प्रमाणपत्र शेतातल्या भुईमुगाचे होते. चटणी ताईंच्या युनिटमध्ये कुटली जाते, त्यात बाहेरचे तिखट, लसूण आणि जिरे पडते. ‘ऑरगॅनिक’ म्हणायचे तर प्रमाणपत्रावर चटणी करणाऱ्याचे नाव आणि ‘शेंगा चटणी’ हे उत्पादन हवे, मुदतही चालू हवी. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या दोन सरकारी प्रमाणन योजनांपैकी एकीखाली हे झाले, की सेंद्रिय मालाचे जैविक भारत चिन्ह लावता येते. लॅबचा कीटकनाशक-अंश अहवाल याची जागा घेत नाही. तो त्या एका नमुन्यापुरता असतो, पीक कसे वाढवले ते सांगत नाही.

काही जण म्हणतात, लहान शेतकऱ्याला सूट आहे ना? आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या मूळ उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्र लागत नाही. पण त्याला जैविक भारत चिन्ह वापरता येत नाही, आणि त्याच्याकडून माल घेऊन चटणी करून विकणाऱ्याला ती सूट लागू होत नाही.

‘नॅचरल’चे वेगळे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावे नियमांनुसार हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थाला चालतो. मंगळवेढ्याची निवडलेली ज्वारी त्यात बसू शकेल, पाच जिनसांची चटणी बसत नाही. ‘केमिकल-फ्री’ तर आम्ही कुणालाच लिहून देत नाही. तो दावा सिद्ध करता येत नाही.

ताईंच्या पाकिटावर आता असे आहे: ‘सोलापुरी शेंगा चटणी. उखळात कुटलेली. घटक: शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ.’ प्रत्येक शब्द सिद्ध करून दाखवता येतो. लिस्टिंग पहिल्याच फेरीत मंजूर झाली.

म्हणून पाकीट छापण्याआधी मजकूर आम्हाला दाखवा. सोबत एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो आणि असल्यास प्रमाणपत्राची पूर्ण प्रत द्या, फक्त पहिले पान नको. कागद आल्याशिवाय आम्ही लिस्टिंग चढवत नाही, याचा राग येतो हे माहीत आहे. पण एकदा नाकारलेला माल पुन्हा उभा करायला आम्हाला नव्या लिस्टिंगच्या तिप्पट वेळ लागतो. छपाईपूर्वीची तपासणी लिस्टिंगच्या दरातच धरलेली आहे, वेगळे पैसे नाहीत.