संगणकात 13 पाकिटं, शेल्फवर एकही नाही

मुलुंडच्या एका सुपरमार्केटमध्ये मी काही वर्षं फ्लोअर सांभाळत होतो. एका शनिवारी संध्याकाळी एक काकू आल्या. "वरई संपली का हो? संकष्टीला हवी होती." मी स्कॅनरवर पाहिलं, तर अर्धा किलोच्या वरईची 13 पाकिटं शिल्लक दाखवत होती. शेल्फवर मात्र वरईच्या लेबलवर साबुदाण्याची पाकिटं उभी होती. कुणीतरी रिकामी जागा वाईट दिसू नये म्हणून शेजारचा माल पसरून ठेवला होता.

मागे गोडाऊनमध्ये गेलो. पाच-सात मिनिटं शोधल्यावर तेलाच्या पेट्यांमागे एक फोडलेला खोका सापडला. त्यात वरईची बरोबर 13 पाकिटं होती. संगणक खोटं बोलत नव्हता. गर्दीची वेळ होती, म्हणून एक पाकीट उचललं, काकूंच्या हातात दिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. ही माझी चूक किती महागात पडली, ते पुढे येईलच.

आधी ही 13 पाकिटं मागे गेली कशी ते पाहू. वरईचा खोका 24 पाकिटांचा येतो. आमच्या शेल्फवर वरईला दोन रांगा होत्या, एका रांगेत आठ पाकिटं, म्हणजे एकूण जागा 16 ची. रोजचा खप साधारण चार. ऑर्डर दिल्यापासून माल यायला दोन दिवस लागत. म्हणून संगणकाला सांगून ठेवलं होतं की साठा 12 वर किंवा त्याखाली आला की नवा खोका मागव: आठ पाकिटं त्या दोन दिवसांसाठी आणि चार हाताशी असावीत म्हणून. हिशेब चोख होता.

सोमवारी सकाळी टेम्पो आला तेव्हा शेल्फवर पाच पाकिटं होती. जागा 11 चीच. मुलाने खोका फोडला, 11 पाकिटं लावली आणि उरलेली 13 खोक्यासकट मागे नेली. साठा झाला 29. सोमवार ते गुरुवार रोज चार याप्रमाणे 16 पाकिटं गेली आणि गुरुवारी रात्री शेल्फ रिकामं झालं. संगणकाचा आकडा 13 वर आला.

सगळी गंमत या आकड्यात आहे. ऑर्डर निघायची 12 ला. तेराचे बारा होण्यासाठी एक पाकीट विकलं जायला हवं, आणि शेल्फवर काहीच नसल्याने ते विकलं जाणार नाही. विक्री नाही म्हणून आकडा हलत नाही, आकडा हलत नाही म्हणून ऑर्डर नाही, ऑर्डर नाही म्हणून वरईचा नवा खोका येत नाही, आणि खोका येत नाही तोवर त्या शेल्फकडे कुणाचं लक्षही जात नाही. संगणकाला दुकान म्हणजे एकच आकडा. त्यातली किती पाकिटं गिऱ्हाइकासमोर आहेत आणि किती तेलाच्या पेट्यांमागे, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

मी काकूंना एक पाकीट दिलं आणि आकडा 12 झाला. त्या रात्री ऑर्डर गेली, दोन दिवसांनी नवा खोका आला. माल लावणाऱ्या मुलाला शेल्फ रिकामं दिसलं. त्याने नव्या खोक्यातली 16 पाकिटं लावली आणि उरलेली आठ मागे नेऊन ठेवली. आता मागे 12 जुनी आणि आठ नवी, मिळून 20. चार दिवसांत शेल्फ पुन्हा रिकामं झालं, आणि या वेळी आकडा 20 वर अडकला. म्हणजे पुढची ऑर्डर निघायला कुणीतरी मागून एक नव्हे, आठ पाकिटं आणून विकावी लागणार होती. गोडाऊन भरत जातं आणि शेल्फ रिकामंच राहतं, ते असं. शिवाय जुनी पाकिटं तळाशी राहून त्यांची मुदत सरत जाते, ते वेगळंच.

हे एकट्या आमच्या दुकानाचं दुखणं नव्हतं. ग्रुएन, कॉर्स्टेन आणि भारद्वाज या संशोधकांनी 2002 मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. शेल्फवर माल नसण्याचं प्रमाण सरासरी 8.3 टक्के निघालं, आणि त्यातल्या सुमारे एक चतुर्थांश वेळा माल दुकानातच होता, फक्त शेल्फपर्यंत पोचला नव्हता.

दुसरा घोळ माल उतरवताना होतो. गल्लीत टेम्पो उभा, मागे गाड्यांचे हॉर्न, आणि समोर तीन सारखे दिसणारे खोके: दोन वरईचे, एक शिंगाड्याच्या पिठाचा. घाईत मुलगा पहिल्याच खोक्याचा बारकोड तीनदा मारतो. आता वरईची 24 पाकिटं संगणकात आहेत, पण जगात कुठेच नाहीत. खरा साठा संपला तरी आकडा 24 च्या खाली येत नाही आणि ऑर्डर निघत नाही. पडद्यावर हा घोळ आणि आधीचा घोळ अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो कुणीतरी मागे जाऊन हाताने मोजल्यावरच. माल सापडला तर शेल्फवर आणायचा, नाही सापडला तर आकडा दुरुस्त करायचा. यातलं दुसरं काम करायला माणसं कचरतात, कारण घट दाखवली की जाब विचारला जातो.

पण मागे जाऊन बघायचं ते कोणत्या वस्तूसाठी? दुकानात हजारो वस्तू असतात. इथे संभाव्यतेचं गणित कामाला येतं. गिऱ्हाइकं आपापली, एकमेकांशी संबंध नसताना येतात असं धरलं, तर रोज सरासरी चार खपणाऱ्या वस्तूचा एखादा दिवस पूर्ण कोरडा जाण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. लागोपाठ दोन दिवस कोरडे जाण्याची तर सुमारे तीन हजारांत एक. म्हणून शुक्रवार आणि शनिवार वरईची विक्री शून्य आणि साठा 13 असं दिसलं, तर वरई कुणाला नको होती असं समजू नये. शेल्फ रिकामं आहे असंच धरावं. अशा वस्तूंची यादी रोज रात्री काढता येते आणि सकाळी दुकान उघडण्याआधी एक माणूस ती घेऊन फिरू शकतो.

या युक्तीला मर्यादा आहेत. पाच दिवसांत एकदा खपणारी वस्तू दोन दिवस न विकली जाणं अगदी स्वाभाविक आहे. तिच्याबाबत पंधरा दिवस तरी थांबल्याशिवाय संशय घेता येत नाही. वरईचंही आषाढीच्या आठवड्यात हे गणित चालत नाही, कारण तेव्हा सगळी गिऱ्हाइकं एकाच दिवशी येतात.

मुळावर उपाय एकच: खोका फोडला की तो पूर्ण शेल्फवर रिकामा व्हायला हवा. आमच्या बाबतीत आधीची पाच आणि नवी 24 म्हणजे 29 ची जागा, दोनऐवजी चार रांगा. मुंबईत ती कुठून आणायची? वरईला दोन रांगा दिल्या की राजगिऱ्याच्या दोन जातात. म्हणून आम्ही पुरवठादाराकडून खोक्याऐवजी सहा-सहा पाकिटांचे गठ्ठे मागितले. 5 आणि 6 मिळून 11, आरामात मावतात. त्यांच्या गोदामाला प्रत्येक ऑर्डरमागे गठ्ठे सुटे करण्याचं काम वाढलं, म्हणून ही सोय मोजक्याच वस्तूंसाठी मिळाली.

बाकी वस्तूंसाठी गोडाऊनमध्ये दाराजवळची एक रॅक फक्त फोडलेल्या खोक्यांसाठी ठेवली. फोडलेला खोका दुसरीकडे कुठेही ठेवायचा नाही, नाव बाहेरच्या बाजूला, आणि झाकणावर मार्करने आत किती उरलं तो आकडा. माल लावणाऱ्याने नवा खोका फोडण्याआधी ही रॅक बघायची. आणि रिकाम्या जागेत शेजारचा माल पसरायचा नाही, भोक तसंच दिसू द्यायचं. हा शेवटचा नियम रुजवायलाच सगळ्यात जास्त दिवस लागले.