शून्यातून न जाणारी रेषा

तापीकाठच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासत होतो. साध्या लंबकाचा ग्राफ सगळ्यांचा सारखाच: सहा ठिपके आणि बरोब्बर शून्यातून निघालेली रेषा. एकाच पोराची रेषा थोडी वर सुटलेली होती. ‘सर, चुकलं का?’ त्यानं विचारलं. त्याचाच ग्राफ मला सगळ्यात आवडला.

त्याचा तक्ता नेटका होता. रकान्याच्या डोक्यावरच एकक होतं, आकड्यांमागे पुन्हा पुन्हा नाही. दोऱ्याची लांबी ५० सेंमी असताना २० दोलनांना २८.९ सेकंद लागले, म्हणजे एका दोलनाच्या वेळेचा वर्ग, T², झाला २.०९. लांबी १०० सेंमी केल्यावर ४०.५ सेकंद, T² ४.१०. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे ५ सेंमी लांबी, उभ्यावर १ सेंमी म्हणजे ०.२५ सेकंद². दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू. हे महत्त्वाचं, कारण कागद वाचवायला ४० सेंमीपासून सुरुवात केली असती तर पुढची गंमत दिसलीच नसती.

त्यानं ठिपके एकेक जोडत वेडीवाकडी रेघ काढली नव्हती. निम्मे वर, निम्मे खाली राहतील अशी पट्टीनं सरळ रेषा ओढली होती. ती उभ्या अक्षाला ०.०८ वर छेदत होती, म्हणजे शून्याच्या वर तीन बारीक चौकोन. डावीकडे वाढवली तर आडव्या अक्षाला उणे २ सेंमीवर.

हे २ सेंमी आले कुठून? दोरा त्यानं गाठीपर्यंतच मोजला होता. लंबकाची लांबी मात्र गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात. गोळा २.५ सेंमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या १.२५, वर हुक पाऊण सेंमी. बेरीज करा!

चूक प्रत्येक मापात सारखीच असल्यामुळे रेषा नुसती सरकते, तिचा चढ बदलत नाही. चढ आला ४.०२ सेकंद² प्रति मीटर, आणि गुरुत्वीय त्वरण

g = 4π²/4.02 = 9.82

मी/से². तेच पहिल्या एका मापावरून सूत्रात घातलं तर ९.४४ येतो. ओढूनताणून शून्यातून रेषा काढली तर ९.५६ च्या आसपास. बाकीच्यांनी तशीच काढली होती आणि तरी उत्तर ९.८ लिहिलं होतं. ते आकडे कुठून आले, हे मी विचारलं नाही.

आमच्याकडे बोअर घेताना हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे पाणाडे आहेत. त्यांच्याकडेही कोरड्या गेलेल्या बोअरचा रकाना नसतो.

मात्र तीन चौकोनांवर लगेच भाळू नका. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तरी ५० सेंमीच्या मापात T² सुमारे ०.०३ ने हलतो. शून्याजवळ एकही ठिपका नसल्यानं रेषेचं ते टोक आणखी डोलतं. म्हणून पोराला सांगितलं, पंखा बंद करून प्रत्येक लांबीला तीनदा वेळ घे. पुन्हा उणे २ च्या जवळच आलं, तर व्हर्निअरनं गोळा मोजून पाहा.