394052786: आकड्यांमधले कँटोनीज टोन

मँडरिन येणारा माणूस कँटोनीजकडे वळला की पहिल्यांदा धसका घेतो तो ‘नऊ टोन’ या शब्दांचा. चारांवरून थेट नऊ! पण हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये हे नऊच्या नऊ टोन साध्या आकड्यांतच सापडतात. 394052786 हे आकडे त्याच क्रमाने म्हटले की सगळे टोन एकदा तोंडून जातात. 1993 मध्ये हाँगकाँगला तयार झालेल्या ज्युतपिंग या रोमन लेखनपद्धतीत ते असे टाइप करतात:

```
saam1 gau2 sei3 ling4 ng5 ji6 cat1 baat3 luk6
```

अक्षरांमागचा अंक म्हणजे टोन. शेवटच्या तिघांकडे नीट पाहा. सात, आठ आणि सहा यांना 7, 8, 9 असे नवे क्रमांक मिळालेले नाहीत; त्यांच्यावर पुन्हा 1, 3, 6 हेच आहेत. त्यांची उंची तीन, चार आणि दोन या आकड्यांचीच आहे. फरक इतकाच, की त्यांचा शेवट प्, त् किंवा क् ने होतो आणि त्यामुळे सूर लांबवायला जागा उरत नाही, अक्षर तिथेच तुटतं. जुन्या पद्धतीत अशा अक्षरांचे टोन वेगळे मोजत, म्हणून नऊ. कानाला सूर सहाच.

आधी न तुटणारे तीन घेऊ: तीन, चार, दोन, म्हणजे साम, सेइ, यी. आवाजाच्या पट्टीला 1 ते 5 अशा पायऱ्या मानल्या, तर साम 5 वर, सेइ 3 वर आणि यी 2 वर राहतो. तिन्ही सपाट. मँडरिनमध्ये सपाट टोन एकच, पहिला. बाकीचे तिथे आकारावरून ओळखू येतात. इथे आकार सारखाच, फक्त उंची वेगळी. त्यातही 5 आणि 3 मधलं अंतर मोठं आहे, 3 आणि 2 मधलं अगदी थोडं, आणि नेमका तिथेच कान फसतो. अनोळखी माणसाने सुटं ‘यी’ म्हटलं तर ते मधलं की खालचं हे सांगणं अवघड जातं, कारण त्याची पट्टी कुठली हे अजून कळलेलं नसतं. त्याचं एक वाक्य कानावर पडलं की उलगडा होतो. म्हणून सराव सुट्या शब्दांवर करू नका. तीन-चार-दोन एका दमात म्हणा, म्हणजे प्रत्येक सुराला शेजारच्या सुराचं माप मिळतं.

तोंडाची चूक मात्र वेगळीच होते. चार, दोन आणि सहा हे तिन्ही आकडे मँडरिनमध्ये चौथ्या टोनचे आहेत: स्स, अर्, ल्यौ, वरून खाली कोसळणारे. ती सवय इथे आली की ‘यी’ तळाला घसरतो आणि ‘दोन’चा होतो ‘मूल’, कारण खाली उतरणारा ji4 म्हणजे मूल. खरोखर खाली जायचं ते शून्यासाठी, लिङ. मँडरिनमध्ये तोच शब्द वर चढतो. त्याची खोली मात्र तुमच्याकडे आधीपासून आहे: मँडरिनच्या तिसऱ्या टोनचा वाक्याच्या मध्ये येणारा, वर न चढणारा अर्धा भाग.

आता तुटणारी अक्षरं. छत्, पात्, लुक्. (ज्युतपिंगचा b पिनयिनसारखाच, म्हणजे आपला प.) मराठी माणूस ‘लुक’ म्हणतो तेव्हा शेवटी क सुटतो, हवेचा छोटासा झोत बाहेर येतो. कँटोनीजमध्ये तो सुटत नाही. ‘छप्पर’ म्हणायला लागा आणि ओठ मिटल्या क्षणी थांबा, ओठ उघडू नका: दहा, म्हणजे sap6, तसाच संपतो. तळहात तोंडासमोर धरा. शेवटी वारा लागला तर चुकलं. मँडरिन बोलणारे बहुधा याच्या उलट करतात, शेवट गाळूनच टाकतात. मग ‘लुक्’चा ‘लु’ होतो, ल्यौसारखा.

सात आणि आठ मँडरिनमध्ये दोन्ही पहिल्या टोनचे, छी आणि पा. कँटोनीजमध्ये मात्र एक 5 वर, दुसरा 3 वर. हे स्वराच्या लांबीवरून ठरलं. छत् मध्ये आपला अ, पात् मध्ये आपला आ. ऱ्हस्व स्वराची अक्षरं वर राहिली, दीर्घ स्वराची मधल्या पायरीवर उतरली. उत्तर दिशा पक्, bak1. शंभर पाक्, baak3. थोडे अपवाद आहेत, आणि खालच्या पायरीवर दोन्ही लांबीचे स्वर येतात. तरी अ-आ चा हा फरक आपल्या कानाला मँडरिनभाषकांपेक्षा लवकर पकडता येतो.

मग मँडरिनवरून तुटणारं अक्षर ओळखायचं कसं? तिथे हे शेवट कधीच गळून गेले आणि शब्द चारही टोनांत विखुरले. पण एक खूण मागे उरली. पिनयिनमध्ये b, d, g, j, zh किंवा z ने सुरू होणारा आणि दुसऱ्या टोनचा शब्द दिसला, की कँटोनीजमध्ये तो बहुतेक वेळा तुटतो: पांढरा bái इथे baak6, वाचणं dú इथे duk6, देश guó इथे gwok3. कारण असं, की जुन्या घोष व्यंजनांनी सुरू होणारे न तुटणारे शब्द मँडरिनच्या दुसऱ्या टोनमध्ये गेले तेव्हा महाप्राण झाले, p, t, k असे. अल्पप्राणांची जागा रिकामी राहिली आणि ती तुटणाऱ्या शब्दांनी भरली. शेवटी प्, त् की क् हे ही खूण सांगत नाही. आणि एका रोजच्या शब्दावर ती हमखास फसवते: नाक, bí. कँटोनीजमध्ये ते bei6 आहे, पूर्ण लांबीचं, कुठेही न तुटणारं.