डेबिट की क्रेडिट? व्हिक्स बघण्याआधी स्ट्राइक बघा
(आमच्या सांगली कार्यालयातील ऑप्शन ग्राहकांसाठी)

बाजारातली अस्थिरता मोजणारा व्हिक्स दोन-तीन अंकांनी वर गेला की आमच्या कार्यालयातला फोन सकाळी सव्वानऊपासून वाजायला लागतो. प्रश्न एकच असतो : "माझा डेबिट स्प्रेड आहे, व्हिक्स वाढलाय, आता काढून क्रेडिट करू का?" बहुतेक वेळा ग्राहकाला त्याच स्ट्राइकवर कॉलऐवजी पुट हवे असतात. म्हणजे चार ऑर्डर, चार ब्रोकरेज, वर कर आणि भावातला फरक. हाती काय येतं? तीच पोझिशन. यात ग्राहकाचा पैसा जातो आणि आमचा तास जातो, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

स्प्रेड म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहेच. तेजीचा अंदाज असेल तर खालच्या स्ट्राइकचा कॉल घेऊन वरचा विकायचा. खिशातून पैसे जातात, हा डेबिट. किंवा वरच्या स्ट्राइकचा पुट विकून खालचा घ्यायचा. खात्यात पैसे येतात, हा क्रेडिट. "व्हिक्स कमी असेल तर डेबिट, जास्त असेल तर क्रेडिट" हा नियमही आपण ऐकलेला असतो. नियम खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा स्ट्राइकमध्ये आहे.

उदाहरण घेऊ. निफ्टी 25,000 वर आहे आणि एक्स्पायरीला 21 दिवस आहेत असं समजा. व्याज आणि स्क्यू, म्हणजे वेगवेगळ्या स्ट्राइकच्या आयव्हीतला, भावात धरलेल्या अस्थिरतेतला फरक, सध्या बाजूला ठेवू. त्यामुळे पुढचे आकडे सूत्राने काढलेले आहेत. पडद्यावरचे भाव थोडे इकडे-तिकडे असतील, पण प्रमाण हेच दिसेल.

आयव्ही 12 असताना 25,000 चा कॉल साधारण 287 ला आणि 25,300 चा 163 ला बसतो. पहिला घेऊन दुसरा विकला की डेबिट 124. जास्तीत जास्त तोटा 124, जास्तीत जास्त नफा 176. आता त्याच दोन स्ट्राइकचे पुट बघा. 25,300 चा पुट 463 ला विकला, 25,000 चा 287 ला घेतला. क्रेडिट 176. जास्तीत जास्त नफा 176, जास्तीत जास्त तोटा 124. दोन्ही सौद्यांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत. स्ट्राइक आणि एक्स्पायरी एकच असेल तर डेबिट आणि क्रेडिट मिळून दोन स्ट्राइकमधलं अंतर होतं, इथे 300. यात योगायोग काही नाही. कॉल आणि पुटचे भाव एकमेकांना बांधलेलेच असतात, ती गाठ सुटली की मोठे खेळाडू क्षणात फरक खाऊन टाकतात. खात्यात आधी पैसे आले म्हणून क्रेडिट स्प्रेड फायद्याचा, असं मानणाऱ्यांनी हे चार भाव एकदा वहीत लिहून बेरीज करून बघावी.

उलट अशा वेळी क्रेडिटच्या बाजूने थोडं नुकसानच असतं. 25,300 चा पुट इन-द-मनी आहे. तिथे उलाढाल कमी, घेण्या-विकण्याच्या भावात अंतर जास्त. एसटीटी विकलेल्या प्रीमियमवर लागतो. 463 विकले तर 463 वर, आणि 163 विकले तर 163 वर. शिवाय मार्जिन अडकतं ते वेगळंच.

आता व्हिक्सकडे येऊ. हाच 25,000–25,300 चा कॉल स्प्रेड आयव्ही 12 वरून थेट 24 झाल्यावर कितीला बसेल? एकटा 25,000 चा कॉल 287 वरून 574 होतो, अगदी दुप्पट. पण विकलेला कॉलही 163 वरून 440 होतो. त्यामुळे स्प्रेड 124 वरून 134. अस्थिरता दुप्पट झाली आणि डेबिट फक्त 10 अंकांनी हललं! म्हणून व्हिक्स वाढला की बाजारभावाजवळचा डेबिट स्प्रेड महाग झाला असं समजून घाबरायचं कारण नाही. एकटा कॉल घेणाऱ्याला महागाई झोंबते, जवळच्या स्ट्राइकचा स्प्रेड घेणाऱ्याला ती जाणवतसुद्धा नाही.

फरक पडतो तो दूरच्या स्ट्राइकवर. 24,400 चा पुट विकून 24,100 चा घेतला तर आयव्ही 12 ला साधारण 45 मिळतात. म्हणजे 255 ची जोखीम घेऊन 45. एक सौदा पूर्ण फसला की साडेपाचहून अधिक चांगले सौदे धुऊन निघतात. हाच सौदा आयव्ही 24 ला केला तर 93 मिळतात आणि जोखीम 207 वर येते. किंवा पैसे साधारण तेवढेच घ्यायचे ठरवले तर 23,600–23,300 इतकं खाली सरकूनही 42 मिळतात. म्हणजे तेवढ्याच पैशात बाजारापासून आणखी 800 अंकांचं अंतर. "व्हिक्स जास्त तर क्रेडिट" या नियमात जो खरा अर्थ आहे, तो हाच. विकायचं ते दूरचं.

व्हिक्स कमी असताना हेच उलट वाचा. 25,300 चा कॉल घेऊन 25,600 चा विकला तर आयव्ही 12 ला 79 लागतात आणि नफ्याला 221 ची जागा राहते. आयव्ही 24 ला त्याच स्प्रेडचे 110 मोजावे लागतात. त्यामुळे बाजार शांत असताना अंदाज पक्का असेल, तर थोडा दूरचा डेबिट स्प्रेड स्वस्तात पडतो. आणि नेमक्या याच काळात ग्राहक 45 साठी 255 लावून बसलेले आम्हाला सगळ्यात जास्त दिसतात. महिनाभर रोज थोडं-थोडं मिळालं, असं सांगत येतात. एका वाईट आठवड्यानंतर मात्र हिशेब समजून घ्यायला येतात, आणि तो फार जड तास असतो, आमच्यासाठीही.

आता जास्त म्हणजे किती आणि कमी म्हणजे किती? इंडिया व्हिक्स हा निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून निघणारा, पुढच्या साधारण 30 दिवसांचा अंदाज आहे. मार्च 2020 मध्ये तो 80 च्या वर गेला होता, आणि शांत काळात 10 ते 14 मध्ये महिनोन्महिने रेंगाळलेला आहे. त्यामुळे 16 हा आकडा नुसता बघून काही कळत नाही. गेल्या वर्षभराचा तक्ता काढून आजचा आकडा त्यात कुठे बसतो ते बघायचं. आणि शेअरचा ऑप्शन असेल तर व्हिक्स बघूच नका, त्या शेअरचा स्वतःचा आयव्ही बघा. कंपनीचा निकाल तीन दिवसांवर असताना व्हिक्स 12 असू शकतो आणि त्या शेअरचा आयव्ही 45. निकाल लागला की तो एका सकाळीत खाली येतो. दुसरी गोष्ट, शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअरच्या देण्या-घेण्याने मिटतात. दोन स्ट्राइकच्या मध्ये भाव अडकला तर एकच लेग उरतो आणि पूर्ण लॉटचे शेअर उचलावे लागतात. म्हणून शेअरचे स्प्रेड आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत धरू देत नाही. यावर काही ग्राहक रागावतात, तरी ही पद्धत आम्ही बदलणार नाही.

व्हिक्स चढलेला असणं म्हणजे विकण्याचा परवाना नाही. आपल्याकडे तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. ढग दाटल्यावर विमा देणाऱ्याला हप्ता जास्त मिळतो, पण पाऊसही तेव्हाच येतो. 3 जून 2024 ला एक्झिट पोलनंतर निफ्टी 23,264 वर बंद झाला. व्हिक्स 21 च्या आसपास, म्हणजे चांगलाच चढा होता. आमच्या एका ग्राहकाने 6 जूनच्या एक्स्पायरीचा 22,600–22,300 चा पुट स्प्रेड विकला. बाजारभावाच्या 650 अंकांहून खाली, अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी 5.93 टक्के पडून 21,884 वर बंद झाला. दोन्ही स्ट्राइक वर राहिले. दुपारी ते समोरच्या खुर्चीत बसून होते, पाण्याचा ग्लास तसाच टेबलावर. खालचा पुट घेतलेला होता म्हणून मार्जिनसाठी पैसे भरायची वेळ आली नाही. तोटा किती होऊ शकतो हे त्यांना सौदा करतानाच माहीत होतं. ती रक्कम त्यांनी कागदावर लिहिलेली होती, आणि ती गेली तरी चालेल असं स्वतःच्या अक्षरात खाली नोंदवलं होतं. म्हणून त्यांनी पोझिशन धरली. 6 तारखेला निफ्टी 22,821 वर बंद झाला आणि क्रेडिट पूर्ण मिळालं. हा निकाल आम्ही शहाणपणाच्या खात्यात मांडत नाही, कारण बाजार परत फिरला नसता तर जवळपास पूर्ण रक्कम गेली असती. सांगायचं आहे ते त्या कागदाबद्दल. त्याच दुपारी ज्यांनी नुसते पुट विकले होते, त्यांच्याकडे बसून राहायचा पर्यायच उरला नव्हता.

सौदा झाल्यावर व्हिक्स उतरला तर काय होतं, हेही बघून ठेवा. निफ्टी जागेवर असताना आयव्ही 24 वरून 12 झाला, तर 93 ला विकलेला दूरचा स्प्रेड 45 ला परत घेता येतो, दिवस न जाताही. पण निफ्टी घसरून तुमच्या दोन स्ट्राइकच्या मध्यावर आला असेल, तर व्हिक्स उतरण्याचा फायदा जवळपास शून्य होतो. आणि दोन्ही स्ट्राइकच्या खाली गेला असेल तर व्हिक्स उतरणं तुमच्या विरुद्ध जातं. "व्हिक्स तर पडला, मग माझा क्रेडिट स्प्रेड तोट्यात का?" या फोनचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

ऑर्डर टाकताना खरेदीचा लेग आधी, विक्रीचा नंतर. उलट केलं तर पूर्ण मार्जिन मागितलं जातं आणि खात्यात तेवढे पैसे नसले की ऑर्डर नाकारली जाते, मग आम्हाला फोन येतो. बाहेर पडताना विकलेला लेग आधी परत घ्यायचा.

कोणता सौदा घ्या, हे आम्ही सांगत नाही आणि सांगणारही नाही. मात्र दर शनिवारी 11 ते 1 कार्यालयात बसून आपल्या स्प्रेडचे चारही भाव, डेबिट-क्रेडिटची बेरीज आणि आजचा आयव्ही वर्षाच्या तुलनेत कुठे आहे, एवढं आम्ही प्रत्येकाला कागदावर मांडून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. वर सांगितलेला, जास्तीत जास्त तोटा लिहायचा छापील कागदही काउंटरवर ठेवलेला आहे. पोझिशन बदलण्यासाठी फोन करताना तो समोर ठेवा आणि आधी एवढंच सांगा : नवे स्ट्राइक जुन्याच जागी आहेत की दुसरीकडे? जुन्याच जागी असतील तर आम्ही ऑर्डर टाकण्याआधी आपल्याला एकदा नक्की थांबवू.