अंडाशयातील सिस्ट : सोनोग्राफी-परीक्षण

अंडाशयात द्रवाने भरलेली पोकळी (सिस्ट) आढळल्यास ती निरुपद्रवी आहे की कर्करोगाचा संशय घेण्याजोगी, हे ठरवण्याची पद्धत. परीक्षण शक्यतो योनिमार्गे करतात. गाठ मोठी असल्यास पोटावरूनही पाहावे लागते.

साध्या सिस्टमधील द्रव पडद्यावर पूर्ण काळा दिसतो, भिंत पातळ व गुळगुळीत असते, मागील ऊती अधिक उजळ दिसतात. आत पडदा, घन भाग वा रक्तप्रवाह नसतो. यांपैकी एकही अट मोडली की नाशिकमधील अहवालांत बहुधा ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ असा शेरा येतो. या एका शेऱ्याखाली रक्तस्रावी सिस्ट, केस-चरबी असलेली डर्मॉइड गाठ, गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊतीमुळे होणारी एंडोमेट्रिओमा गाठ आणि कर्करोग असे चारही येऊ शकतात, म्हणून आत नेमके काय दिसले ते लिहिणे आवश्यक ठरते. १९९९ च्या सुमारास युरोपीय तज्ज्ञांनी सुरू केलेल्या ‘आयोटा’ गटाने यासाठी ठराविक वर्णनपद्धती घालून दिली. अनियमित घन गाठ, पोटात पाणी, चार किंवा अधिक अंकुरासारखे उंचवटे आणि अतिशय जोरदार रक्तप्रवाह ही त्यांच्या मते घातकतेकडे झुकणारी चिन्हे होत.

साध्या सिस्टचा पाठपुरावा किती आकारापासून करावा, याबाबत एकमत नाही. ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी अमेरिकेतील सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाऊंडने २०१० मध्ये १ सेंमी.पेक्षा मोठ्या सिस्टचा पाठपुरावा सुचवला होता. २०१९ मध्ये ही मर्यादा ३ सेंमी.पर्यंत, आणि सिस्ट अगदी स्पष्ट दिसली असल्यास ५ सेंमी.पर्यंत वाढवली. ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१६ च्या मार्गदर्शनात ५ सेंमी.पेक्षा लहान, एका बाजूच्या, एककप्पी साध्या सिस्टला रक्तातील सीए-१२५ हे कर्करोग-चिन्हक सामान्य असल्यास ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा पाहावे असे आहे. साध्या सिस्टमधून कर्करोग होण्याचा धोका फारच कमी असल्याने २०१९ ची भूमिका अधिक ग्राह्य वाटते. मात्र ती ‘सिस्ट नीट दिसली’ या अटीवर उभी आहे. पोटावरून घाईत केलेल्या तपासणीत लहान उंचवटा सुटू शकतो.

सर्वांत जास्त गोंधळ रक्तस्रावी सिस्टमुळे होतो. उदाहरणादाखल निफाडहून नाशिकला आलेली, पाळीच्या चोविसाव्या दिवशी उजव्या बाजूला दुखणारी ३२ वर्षांची स्त्री घेऊ. तिच्या ५.८ सेंमी. सिस्टमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात आणि कडेला घन भागासारखा एक तुकडा. तो आत दबलेल्या, अंतर्वक्र कडेचा आहे व डॉप्लरवर त्यात रक्तप्रवाह नाही, म्हणजे ती गुठळी आहे. उंचवट्याची कड सहसा बहिर्वक्र असते व त्यात प्रवाह सापडू शकतो. प्रवाह न दिसणे हा एकटा पुरावा पुरेसा नसतो. अशा सिस्टची तपासणी ६ ते १२ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत पुन्हा करतात, म्हणजे नवीन सिस्टची भेसळ होत नाही. रक्तस्रावी असेल तर ती लहान झालेली किंवा नाहीशी झालेली आढळते.

याच टप्प्यावर सीए-१२५ मागवण्याचा मोह होतो. रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने १९८१ मध्ये या चिन्हकाच्या प्रतिपिंडाची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीची मर्यादा ३५ युनिट प्रति मिली. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, गर्भावस्था आणि खुद्द पाळीतही ते वाढते. पोटाच्या क्षयरोगात जलोदरासह ते कित्येक शेकड्यांत जाऊ शकते, आणि आपल्याकडे ही शक्यता विसरता येत नाही. उलट, पहिल्या टप्प्यातील कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत ते सामान्य असते.

निफाडच्या स्त्रीचे सीए-१२५ ६२ आले असे धरू. जेकब्स व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या धोका-निर्देशांकात सोनोग्राफीचा गुण (एक चिन्ह असल्यास १, दोन किंवा अधिक असल्यास ३), ऋतुनिवृत्तीचा गुण (आधी १, नंतर ३) आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करतात. गुठळीला घन भाग समजून १ गुण दिला, तरी १ × १ × ६२ = ६२. सिन्नरच्या ६१ वर्षांच्या स्त्रीत बहुकप्पी, घन भाग असलेली ७ सेंमी. गाठ आणि तेच ६२ आले, तर ३ × ३ × ६२ = ५५८. निर्देशांक २०० च्या पुढे गेल्याने तिला कर्करोग-शल्यचिकित्सकाकडे पाठवणे योग्य. रक्ताचा आकडा दोघींत एकच आहे.

म्हणूनच ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या वयात साध्या सिस्टसाठी सीए-१२५ आवश्यक मानत नाहीत. ऋतुनिवृत्तीनंतर मात्र त्याचा खरा उपयोग होतो. चाळिशीच्या आतील स्त्रीत घन भाग असलेली गाठ असल्यास बीजपेशींचे अर्बुद शोधण्यासाठी एएफपी, एलडीएच आणि एचसीजी ही रक्तातील चिन्हके तपासतात. सीए १९-९ हे आणखी एक चिन्हक साध्या डर्मॉइडमध्येही वाढलेले आढळते.