आठवडा, दिवस, तास : रक्तदात्याला पाठवायचे तीन निरोप

मे महिन्यातला एक रविवार. ठाण्यातल्या एखाद्या शाळेत सकाळी ९ ते १ रक्तदान शिबिर आहे, असं समजू. नावं नोंदवून झाली आहेत, प्रत्येकाला वेळ दिलेली आहे. आता आठवण करून द्यायची. बहुतेक मंडळं एकच मजकूर तयार करतात आणि तोच आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि शिबिराच्या सकाळी पाठवतात. वर "रक्तदान हेच श्रेष्ठदान", मग आयोजकांची नावं, आणि तळाशी कुठेतरी तारीख, वेळ, पत्ता.

दुसऱ्या वेळी तो मजकूर कोणी वाचत नाही. फोनच्या पडद्यावर निरोपाची पहिली ओळ दिसते. ती ओळखीची वाटली की "हे माहीत आहे" असं मेंदू ठरवून टाकतो आणि बोट तो निरोप बाजूला सारतं. नेमकं तेच उद्दीपन पुन्हा पुन्हा समोर आलं की प्रतिसाद मंदावतो. मानसशास्त्रात याला सरावणं म्हणतात, आणि अगदी साध्या मज्जासंस्थेच्या प्राण्यांमध्येही ते दिसतं. म्हणून तिन्ही निरोपांत काहीतरी नवं हवं, आणि ते पहिल्याच ओळीत हवं.

पण नवं म्हणजे काय? मला यावर एकच कसोटी पटते. निरोप हातात पडेल त्या क्षणी वाचणाऱ्याला काय करता येण्यासारखं आहे, तेवढंच त्या निरोपात लिहावं.

आठवडाभर आधी दोन गोष्टी हातात असतात : त्या रविवारी दुसरं काही ठरलेलं नाही ना हे पाहणं, आणि आपण रक्त देऊ शकतो का हे तपासणं. मागच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल किंवा गेल्या वर्षभरात टॅटू काढला असेल तर थांबावं लागतं. हे शिबिराच्या टेबलावर कळलं तर माणूस हिरमुसून परत जातो आणि त्याची वेळही वाया जाते. आठवडा आधी कळलं तर ती वेळ दुसऱ्याला देता येते. त्यासाठी या निरोपात "जमणार नाही" असं कळवायची सोय हवी, आणि ज्यांनी तसं कळवलं त्यांना पुढचे दोन निरोप जाता कामा नयेत.

"का" सांगायची जागाही हीच. याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आहे की लांबच्या घटनेकडे आपण तिच्या हेतूच्या अंगाने बघतो आणि जवळच्या घटनेकडे तपशिलाच्या अंगाने. तेव्हा पहिल्या निरोपात सांगावं : मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, माणसं गावी गेलेली असतात, शिबिरं कमी होतात. रक्त साठवून ठेवूनही किती ठेवणार? प्लेटलेट्स साधारण ५ दिवस टिकतात. एप्रिलमधलं रक्तदान मे अखेरच्या रुग्णाला प्लेटलेट्स देऊ शकत नाही. एवढं कारण पुरतं.

आदल्या दिवशी हेतू सांगण्यात अर्थ नाही; माणसाचं मन वळलेलंच असतं. अडतं ते "कसं" यापाशी. अमेरिकेत २००८ साली पेनसिल्व्हेनियातल्या प्राथमिक निवडणुकीआधी डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी मतदारांना फोन करवले. काहींना तीन प्रश्न विचारले : किती वाजता मत द्यायला जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असणार? ज्यांना हे विचारलं त्यांच्यातलं मतदान सुमारे ४ टक्के-बिंदूंनी जास्त झालं. ज्या घरात एकच मतदार होता तिथे फरक सुमारे ९ होता; जिथे अनेक मतदार होते तिथे फारसा नव्हता. तिथे कदाचित घरातलं बोलणंच बेत ठरवून टाकत असावं. नुसतं "तुम्ही मत देणार ना?" एवढंच विचारल्याने मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

म्हणून शनिवारच्या निरोपाची पहिली ओळ अशी असावी : "उद्या ११.३० ला तुमची वेळ. घरून निघणार की दुसरीकडून? किती वाजता?" मग उद्याचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर, किती ते किती, ते लिहावं. आठवडा आधी ही माहिती नसते आणि एक तास आधी तिचा उपयोग नसतो. शेवटी : आज वेळेवर झोपा, सकाळी उपाशी निघू नका. हा निरोप संध्याकाळी सहाच्या सुमारास जावा. बरोबर चोवीस तास आधी म्हणून यंत्राने तो सकाळी साडेअकराला पाठवला, तर झोपायच्या वेळेपर्यंत तो इतर निरोपांखाली गाडला जातो. रात्री दहाला पाठवला, तर जागरणाचा बेत आधीच ठरलेला असतो.

तासाभरापूर्वीच्या निरोपात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कुठल्याही वेळी सांगून भागत नाही : पाणी. ३५० मिलिलिटर रक्त गेल्यावर काहींचा रक्तदाब एकदम उतरतो, घेरी येते. रक्त देण्याच्या थोडं आधी सुमारे अर्धा लिटर पाणी प्यायल्याने हा त्रास कमी होतो, असं दात्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पाण्याने रक्तवाहिन्या आवळणारी मज्जासंस्था चेतवली जाते. परिणाम अर्ध्या तासाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि मग ओसरतो. आदल्या दिवशी प्यायलेलं पाणी या कामाचं नाही.

इथे शब्द जपून निवडावा लागतो. "आत्ता प्या" म्हटलं आणि नोंदणी, हिमोग्लोबिन तपासणी यात वेळ गेला, तर सुई टोचेपर्यंत परिणाम उतरू लागलेला असतो. "अर्ध्या तासाने प्या" म्हटलं तर विसरायला होतं, कारण घड्याळाशी बांधलेलं काम लक्षात ठेवणं प्रसंगाशी बांधलेल्या कामापेक्षा अवघड असतं. घर शाळेपासून वीसेक मिनिटांवर असेल तर नेमका प्रसंग म्हणजे घरातून निघणं. तेव्हा मजकूर असा :

"निघताना दोन ग्लास पाणी प्या. प्रवेश मागच्या फाटकाने, मंडप डावीकडे."

ही ६६ अक्षरचिन्हं आहेत. देवनागरीतला एक एसएमएस ७० चिन्हांचा असतो, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. "पाणी" या शब्दाची चार होतात. याहून लांब मजकूर दोन तुकड्यांत जातो. आयोजकांचं नाव, घोषवाक्य यांना इथे जागाच नाही, आणि ते बरंच आहे.

हा निरोप प्रत्येकाच्या वेळेच्या एक तास आधी जायला हवा, शिबिर सुरू होण्याच्या नव्हे. साडेबाराची वेळ असलेल्याला सकाळी आठला "निघताना" म्हणणं व्यर्थ आहे. आणि तासाहून लांब राहणाऱ्यासाठी हा निरोप आणखी आधी सरकवावा लागतो.

कुठला निरोप चुकला ते नोंदणीच्या टेबलावर कळतं. औषधं किंवा टॅटूमुळे माणसं परत जात असतील तर पहिला फसला. उपाशी आणि अर्धवट झोपेतली येत असतील, किंवा ब्लॉकमध्ये अडकल्याचे फोन येत असतील, तर दुसरा. "फाटक कुठे आहे?" असे फोन येत असतील तर तिसरा. टेबलावरच्या माणसाने परत जाणाऱ्याचं कारण वहीत एका शब्दात लिहिलं की पुढच्या शिबिराच्या मजकुरात काय बदलायचं ते समोर येतं.

एक कारण मात्र या तिन्हींच्या आवाक्याबाहेरचं आहे. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागतं, आणि ते कमी भरल्याने अनेक स्त्रिया परत जातात. लोहाची कमतरता भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यांना परत पाठवताना हातात तपासणीचा आकडा आणि डॉक्टरांना भेटण्याची चिठ्ठी द्यावी, आणि पुढच्या शिबिराचा पहिला निरोप त्यांच्यासाठी तीन महिने आधी लावून ठेवावा.