टक्केवारी जास्त, पण फायदा कमी: एनपीव्ही आणि आयआरआर यांचं का जुळत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना समजा. शेड एकच, त्यामुळे दोनपैकी एकच काम करता येईल. पहिला पर्याय जुने यंत्रमाग दुरुस्त करण्याचा: खर्च 10 लाख, मग पाच वर्षं दरवर्षी 4 लाख हातात. दुसरा पर्याय जुने माग काढून रेपिअर माग बसवण्याचा: खर्च 40 लाख, पाच वर्षं दरवर्षी 13 लाख. आकडे उदाहरणापुरते आहेत. पाच वर्षांनी भंगाराची किंमत शून्य धरू.

बँकेचं व्याज आणि स्वतःच्या पैशावरची अपेक्षा मिळून भांडवल वर्षाला 12 टक्क्यांनी पडतं असं धरा. या दराने पाच वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत 3.605 रुपये होते. दुरुस्तीचे 4 लाख त्याने गुणले की 14.42 लाख येतात. त्यातून आजचा खर्च वजा जाता 4.42 लाख उरतात; हीच एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. रेपिअरची एनपीव्ही 6.86 लाख.

आयआरआर म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर. तो दुरुस्तीचा सुमारे 28.6 टक्के, रेपिअरचा 18.7 टक्के. एक मोजमाप रेपिअर म्हणतं, दुसरं दुरुस्ती.

गोम अशी की टक्केवारीला रक्कम दिसत नाही. 28.6 टक्के मिळतात ते फक्त 10 लाखांवर. म्हणून प्रश्न असा विचारावा: रेपिअरसाठी लागणारे जादा 30 लाख काय मिळवून देतात? दरवर्षी जादा 9 लाख. या फरकाचा आयआरआर सुमारे 15.2 टक्के येतो. भांडवल 12 टक्क्यांनी पडत असेल, तर जादा पैसाही आपला खर्च भागवून 2.44 लाख उरवतो, आणि रेपिअरच घ्यावा. पण भांडवल 17 टक्क्यांनी पडत असेल, तर दुरुस्तीची एनपीव्ही 2.80 लाख आणि रेपिअरची 1.59 लाख. आता दोन्ही मोजमापं दुरुस्तीच्या बाजूने. म्हणजे वाद फक्त 15.2 टक्क्यांच्या खाली आहे, आणि तिथे एनपीव्हीचं ऐकावं, कारण खिशात रुपये येतात, टक्के नव्हे.

एक्सेलमध्ये इथे हमखास चूक होते. `NPV` पहिलीच रक्कम एका वर्षानंतर येते असं धरतं, म्हणून आजचा खर्च (`B1`, उणे चिन्हासह) बाहेर ठेवावा:

```
=NPV(12%,B2:B6)+B1
=IRR(B1:B6)
```

`B1` आत घातला तर रेपिअरची एनपीव्ही 6.86 ऐवजी 6.13 लाख दिसते.

हा निर्णय एकच शेड असण्यावर उभा आहे. तशाच चार शेडची दुरुस्ती करता आली, तर तेच 40 लाख 17.68 लाखांची एनपीव्ही देतील आणि रेपिअर मागे पडेल.